एकट्याने खेळायच्या मॉडमुळे खातं बंद झालं, फेरतपासणीचा ईमेल पाठवण्याआधी बघून द्या

कपाशीवाला · २० नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरची पाच एकर शेती आहे आणि सध्या कापूस वेचणी सुरू आहे. संध्याकाळी तासभर लॅपटॉपवर एक गेम खेळतो, तोही फक्त कथेचा भाग, एकट्याने. ऑनलाइन कोणाशी खेळत नाही, कारण इथलं नेट त्या लायकीचं नाही.

माझ्या उजव्या डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं. गेममधली सबटायटलं इतकी बारीक की वाचताच येत नाहीत, म्हणून ती मोठी करणारं एक मॉड टाकलं होतं. काल सकाळी उठून बघतो तर ज्या प्लॅटफॉर्मवरून गेम घेतला त्यांचा मेल: खातं अनिश्चित काळासाठी बंद, कारण गेमच्या मेमरीत अनधिकृत बदल. आता कुठलाच गेम सुरू होत नाही. चार वर्षांत घेतलेले अकरा गेम आहेत त्या खात्यात.

सपोर्टला पाठवायला मसुदा लिहिला आहे. आधी मराठीत लिहिला, मामेबहीण इंग्रजी करून देणार आहे. चुका सांगा.

> माननीय सपोर्ट टीम,
> माझे खाते १८ नोव्हेंबरला २ वाजून १२ मिनिटांनी बंद झाले. त्या वेळी मी शेतात कापूस वेचत होतो आणि लॅपटॉप घरी बंद होता. याचा अर्थ माझे खाते कोणीतरी हॅक केले आहे. मी कधीही कोणतेही चीटिंग केलेले नाही. तुमच्या यंत्रणेची चूक झाली आहे. मी गरीब शेतकरी कुटुंबातला असून खेळ हाच माझा विरंगुळा आहे. कृपया खाते तातडीने सुरू करावे ही नम्र विनंती.

---

रोहन_नागपूर · ९:३४

भाऊ, मेल लिहून काही होत नाही. व्हॅक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीची चीट पकडणारी यंत्रणा, तिचा बॅन आयुष्यभराचा असतो, सपोर्टवाले तो काढतच नाहीत, त्यांच्याच पानावर तसं लिहिलं आहे. नवीन खातं काढ आणि पुढे चल.

---

मास्तर_दिग्रस · ९:५२

चिरंजीव, मसुद्यात विषय नाही, संदर्भ नाही. ‘वरील विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करावी. तुमची आर्थिक परिस्थिती आणखी थोडी विस्ताराने मांडा, वाचणाऱ्याला दया यायला हवी. एक शंका आहे: मॉडने बंद केलं म्हणता, तर त्या मॉडरेटरचं नाव अर्जात का नाही? आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मलाही एकदा मॉडरेटरने काढलं होतं, तेव्हा मी त्यांनाच थेट फोन केला होता.

---

कपाशीवाला · ९:५८

गुरुजी, मॉड म्हणजे इथे माणूस नाही. गेममध्ये बदल करणारी छोटी फाइल असते, तिला मॉड म्हणतात. विषय आणि संदर्भ मात्र टाकतो.

---

तिकीटवाली_अमरावती · १०:२५

मी सहा वर्षं एका गेम कंपनीच्या सपोर्टमध्ये होते. रोज असे अर्ज वाचायचं काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दादा, हा मेल पाठवू नका. अजिबात नाही. आधी एक सांगा, त्यांच्या मेलमध्ये वेळ नेमकी कशी लिहिली आहे? जशीच्या तशी टाका.

---

कपाशीवाला · १०:३१

ताई, असं लिहिलं आहे: `18 Nov, 14:12 UTC`. म्हणजे दुपारचे दोन बाराच ना?

---

तिकीटवाली_अमरावती · १०:४४

नाही. `UTC` म्हणजे आपली वेळ नव्हे. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. १४:१२ मध्ये साडेपाच तास मिळवा: संध्याकाळचे ७ वाजून ४२ मिनिटं. तेव्हा कुठे होतात?

---

कपाशीवाला · १०:४९

घरी. खेळत होतो.

म्हणजे हॅक वगैरे काही झालंच नाही. बरं झालं, मेल गेला नाही.

---

तिकीटवाली_अमरावती · ११:०८

आता तो मेल गेला असता तर काय झालं असतं ते सांगते. वाचणाऱ्याच्या समोर तुमच्या खात्याची नोंद उघडी असते. कोणत्या यंत्रावरून, कोणत्या आयपीवरून, किती वाजता आत आलात, सगळं. तिथे दिसतंय की रोजचंच यंत्र आणि रोजचंच नेट. तुम्ही लिहिता, मी शेतात होतो, हॅक झालं. तुम्ही खरं समजूनच लिहिलंत, पण वाचणाऱ्याला ते खोटं वाटतं, आणि पहिलं वाक्य खोटं ठरलं की पुढच्या वाक्यांवर विश्वास बसत नाही. ‘मी नव्हतो, भाऊ खेळत होता’ हे तर आम्ही दिवसातून वीस वेळा वाचायचो. बहुतेक ठिकाणी नियमच असा असतो की खात्यावर जे होईल त्याची जबाबदारी खातेदाराची.

रोहन, तुझं अर्धं बरोबर आहे. व्हॅकचा बॅन कायमचा असतो आणि विनंतीवर काढत नाहीत हे खरं. पण चुकून लागलेले त्यांनी स्वतः काढले आहेत. जुलै २०१० मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ चे सुमारे १२,००० खेळाडू चुकीने बॅन झाले होते. डिस्कवरची एक फाइल अपडेट झाली आणि मेमरीतली तिच्याशी जुळेना, म्हणून यंत्रणेला ती छेडछाड वाटली. व्हॉल्व्हने बॅन उठवले आणि वर सगळ्यांना एक गेमही दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधल्या अँटी-लॅग प्लस या सोयीमुळे काउंटर-स्ट्राइक २ मध्ये लोक बॅन झाले, तेही उलटवले गेले. दोन्ही वेळा बॅन त्यांनीच मागे घेतले होते, एकेकट्याच्या अर्जाने ते घडलं नाही, हेही लक्षात ठेव. आणि सगळ्या प्लॅटफॉर्मचे नियम व्हॅकसारखे नसतात. दादांच्या मेलमध्ये फेरतपासणीचा मार्ग दिला असेल तर तो आहे. नवीन खातं काढलं तर मात्र तो बॅन चुकवण्याचा प्रकार धरतात आणि जुन्याचा मार्गही बंद होतो.

---

कपाशीवाला · ११:१६

मेलच्या खाली फेरतपासणीसाठी दुवा आहे. एकच अर्ज, ३० दिवसांच्या आत, असं लिहिलं आहे.

पण ताई, मी तर ऑफलाइन खेळत होतो! त्या दिवशी संध्याकाळी लाईन गेली होती, टॉवरही बंद. गेम सुरू करताना ‘इंटरनेट नाही, ऑफलाइन चालू करायचं का’ विचारलं, मी हो म्हटलं. मग यांना दिसलं कसं?

---

पोट्टा_वणीचा · ११:२९

भाऊ, लाईन किती वाजता आली? आमच्याकडे बी असंच हाये. लाईन गेली की अर्ध्या घंट्यात टॉवरची बॅटरी संपते, लाईन आली की टॉवर आपोआप सुरू. मोबाइलचं हॉटस्पॉट तू बंद केलं होतं का? नाई ना? मंग नेट आल्या आल्या लॅपटॉप जोडला गेला असंन अन् गेमनं आपोआप लॉगिन केलं असंन. तुले समजलं बी नसंन. गेमच्या फोल्डरात मॉडची लॉग फाइल असते, ते पाय.

---

कपाशीवाला · २१ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

वणीच्या भावाचं बरोबर निघालं. हॉटस्पॉट सुरूच होतं. लॉगमधल्या या तीन ओळी:

```
[19:04:51] dinput8.dll loaded
[19:38:07] online: signed in
[19:42:16] integrity check failed
```

लाईन साडेसातच्या पुढे आली होती, आईने तेव्हाच मोटर लावली म्हणून आठवतं. आता वेचणीला जातो, संध्याकाळी बघतो.

---

तिकीटवाली_अमरावती · २१ नोव्हेंबर, दुपारी १:१५

छान. ही तिसरी ओळ आणि त्यांचा १४:१२ एकमेकांना जुळतात. तुमच्या अर्जातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

आता मुद्द्याचं. तुमच्या मसुद्यात ‘तुमच्या यंत्रणेची चूक झाली’ असं वाक्य आहे. चूक झालेली नाही. गेम सुरू होताना `dinput8.dll` नावाची फाइल मागतो, ती खरं तर विंडोजची असते. पण विंडोज आधी गेमच्याच फोल्डरात बघतं. मॉडवाले त्याच नावाची आपली फाइल तिथे ठेवतात, म्हणजे गेम स्वतःच तिला आत घेतो. चीट बनवणारेही याच दारातून येतात. तपासणाऱ्या यंत्रणेला एवढंच दिसतं की ऑनलाइन असताना मेमरीत परकी फाइल होती, आणि ती होतीच. अक्षरं मोठी करायला आली की भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवायला, हे तिला कळत नाही. ते माणसालाच बघावं लागतं. म्हणून मागणी अशी करा: तुम्हाला जे सापडलं ते खरं आहे, त्या फाइलचं काम काय ते एका माणसाने बघावं.

त्यासाठी फाइलची ओळख द्या. फाइल जोडू नका, जीमेल तर `.dll` स्वीकारतच नाही. तिचा हॅश द्या. गेमच्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
dir *.dll *.asi
certutil -hashfile dinput8.dll SHA256
```

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. मूळ लेखकाने जिथे मॉड ठेवलं आहे तिथली फाइल उतरवून ते जुळवून पाहू शकतात. पण `dinput8.dll` हा बहुतेक नुसता हमाल, म्हणजे लोडर असतो, खरा माल `.asi` फाइलमध्ये असतो. त्यामुळे तिचाही हॅश हवा. आणि काहीही पुसू नका! लोक घाबरून आधी फोल्डर साफ करतात आणि मग दाखवायला काहीच उरत नाही.

---

कपाशीवाला · २१ नोव्हेंबर, रात्री ८:०५

ताई, एक अडचण झाली. `dir` केल्यावर दोन `.asi` दिसल्या. एक `subs.asi`, ती सबटायटलांची. दुसरी `money.asi`.

ती मीच टाकली होती, गेल्या उन्हाळ्यात. कथेच्या भागात पैसे वाढवून देते. दोन दिवस वापरली, मजा गेली म्हणून सोडून दिली, पण फाइल तिथेच राहिली. खरंच विसरलो होतो. आता काय करू? ‘मी कधीही चीटिंग केलं नाही’ असं लिहिलं आहे मसुद्यात.

---

रोहन_नागपूर · ८:१२

तिचं नावच काढू नको. त्यांना काय माहीत? सबटायटलांचंच सांग, डोळ्याचं सांग, केस एकदम साफ आहे.

---

मास्तर_दिग्रस · ८:३०

असं करू नका, बाळा. जे आहे ते लिहा. बत्तीस वर्षं मुलांच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. लपवलेली गोष्ट कागदावर दिसते.

---

तिकीटवाली_अमरावती · ९:०२

गुरुजींशी मी सहमत आहे, शिवाय कारण व्यवहाराचंही आहे. लोडर सुरू झाला की फोल्डरातल्या सगळ्या `.asi` मेमरीत घेतो, तुम्ही वापरा की नका वापरू. म्हणजे १८ तारखेला `money.asi` पण आत होती आणि त्यांच्या नोंदीत बहुधा दोन्ही असतील. तुम्ही एकच सांगितली तर त्यांच्याकडे दुसरी सापडेल, आणि सांगितलेल्या पहिलीचाही उपयोग राहणार नाही.

पण हेही सांगते की यामुळे केस कमकुवत झाली आहे. काही कंपन्या एकट्याच्या खेळातल्या पैशांकडे दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. ऑनलाइन भागात तेच पैसे चालत असतील तर कोणीच करत नाही. तुमच्या गेममध्ये दोन्हीकडचे पैसे वेगळे आहेत का?

---

कपाशीवाला · ९:१०

हो, पूर्ण वेगळे. ऑनलाइनला वेगळं पात्र तयार करावं लागतं. मी ते कधी केलंच नाही, शून्य सामने.

---

तिकीटवाली_अमरावती · ९:१५

मग ते वाक्य हवंच. शून्य सामने त्यांना एका क्षणात दिसतात.

---

ॲड_चांदूर · ९:४०

आयटी नियम २०२१ प्रमाणे मध्यस्थ कंपनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरलेल्या मुदतीत द्यायचा असतो, तक्रार अधिकारी नेमायचा असतो. पहिल्याच मेलमध्ये याचा उल्लेख करा आणि ग्राहक न्यायालयाचाही.

---

तिकीटवाली_अमरावती · १०:०१

वकीलसाहेब, नियम बरोबर असतील, पण पहिल्या मेलमध्ये नको. आमच्याकडे ‘न्यायालय’ हा शब्द आला की अर्ज सपोर्टकडून कायदा विभागाकडे जायचा आणि आम्हाला उत्तर द्यायची मनाई व्हायची. जो माणूस फाइल बघू शकला असता त्याच्या हातून ती जाते.

---

ॲड_चांदूर · १०:२०

त्यांनी नाकारलं तर मग विचार करा. गेम विकणारा प्लॅटफॉर्म त्या नियमांतल्या मध्यस्थात बसतो की विक्रेता ठरतो, यावर माझ्या दोन सहकाऱ्यांतच एकमत नाही. पण अकरा गेमचे पैसे दिलेले आहेत, तो मुद्दा उभा राहतो.

---

कपाशीवाला · २२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचं ऐकून नवीन मसुदा केला. दयेचा भाग काढला, डोळ्याचं एकच वाक्य ठेवलं.

> विषय: खाते बंदीची फेरतपासणी, संदर्भ क्रमांक (तुमच्या मेलमधला)
>
> नमस्कार,
>
> १८ नोव्हेंबरला 14:12 UTC वाजता माझे खाते गेमच्या मेमरीतील अनधिकृत बदलामुळे बंद झाले. तो बदल माझ्याच संगणकावर होता आणि मीच केला होता. त्याचा हेतू एखाद्या माणसाने पाहावा, अशी विनंती करण्यासाठी लिहीत आहे.
>
> मी हा गेम फक्त एकट्याने खेळतो. या खात्यावर ऑनलाइन सामन्यांची संख्या शून्य आहे. त्या संध्याकाळी इंटरनेट नसल्याने मी गेम ऑफलाइन सुरू केला. 14:08 UTC च्या सुमारास मोबाइलचे नेटवर्क परत आले आणि गेम आपोआप ऑनलाइन झाला. चार मिनिटांनी तपासणी झाली. लॉगच्या तीन ओळी खाली दिल्या आहेत. त्यातील वेळ भारतीय आहे, UTC पेक्षा साडेपाच तास पुढे.
>
> गेमच्या फोल्डरमध्ये तीन फाइल होत्या. dinput8.dll लोडर आहे. subs.asi सबटायटलांची अक्षरे मोठी करते. मला एका डोळ्याने कमी दिसते, म्हणून ती लागते. money.asi कथेच्या भागातील पैसे वाढवते. ती मी उन्हाळ्यात दोन दिवस वापरली आणि काढायची विसरलो. तिन्हींचे SHA-256 आणि त्या जिथून घेतल्या त्या पानांचे पत्ते खाली आहेत. मूळ फाइल मी जपून ठेवल्या आहेत, हव्या असल्यास पाठवीन.
>
> माझी विनंती: या फाइलींची तपासणी करून बंदी उठवावी. ऑनलाइन खेळावरची बंदी ठेवणे तुम्हाला योग्य वाटल्यास, निदान विकत घेतलेले गेम एकट्याने खेळता यावेत. नाकारायचे असल्यास कोणता नियम मोडला ते कळवावे.
>
> वेळ दिल्याबद्दल आभार.

---

तिकीटवाली_अमरावती · ९:४८

हा पाठवा. मधली मागणी मला सर्वांत आवडली. बंदी पूर्ण उठवायचा अधिकार पहिल्या पायरीवरच्या माणसाला बहुतेक नसतो, पण ती कमी करायचा असू शकतो. मागितलंच नाही तर तो स्वतःहून देत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. पासवर्ड किंवा ओटीपी कुठेही लिहू नका, सपोर्ट ते कधीच मागत नाही. आणि पाठवल्यावर ‘काय झालं’ म्हणून रोज मेल करू नका. बऱ्याच ठिकाणी तिकिटं, म्हणजे नोंदवलेले अर्ज, शेवटच्या मेलच्या तारखेने लागतात, तुम्ही लिहिलंत की रांगेत पुन्हा मागे.

---

मास्तर_दिग्रस · १०:०५

आता अर्ज बरोबर झाला. ‘मीच केला होता’ हे वाक्य इंग्रजीतही तसंच सरळ राहील याची काळजी बहिणीला घ्यायला सांगा.

---

कपाशीवाला · ४ डिसेंबर, रात्री ८:३०

उत्तर आलं, अकराव्या दिवशी. मधे फक्त आपोआप येणारी पोच होती. सही माणसाची आहे. लिहिलं आहे की `subs.asi` चा हॅश जुळला, तिच्याबद्दल हरकत नाही. `money.asi` चा प्रश्न गेम बनवणाऱ्यांकडे पाठवला आहे, त्यांचं उत्तर येईपर्यंत ऑनलाइन बंदी राहील. एकट्याने खेळायला खातं आजपासून उघडलं आहे. अकराच्या अकरा गेम दिसताहेत.

---

रोहन_नागपूर · ८:४१

मानलं भाऊ. मला वाटलं होतं उत्तरच येणार नाही.

---

पोट्टा_वणीचा · ८:५५

लय भारी. आता सबटायटलांचं मॉड पुन्हा टाकशीन का?

---

कपाशीवाला · ९:१२

त्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून टाकावं तर लागेल. पण ते ऑफलाइन असताना चालेल की कधीच नाही, हे त्यांच्या मेलमधून कळत नाही. ताई, हे वेगळ्या मेलने विचारू की त्याच तिकिटात?

---

तिकीटवाली_अमरावती · ९:३०

त्याच तिकिटात, पण गेमवाल्यांचं उत्तर आल्यावर. तोवर फोल्डरातून तिन्ही फाइली बाहेर हलवून ठेवा, आणि खेळायला बसण्याआधी हॉटस्पॉट बंद करा.